जोडकाकू आणि दोन लाल

पडदा वर जातो, तेव्हा समोर एक लांब टेबल दिसतं. टेबलावर पत्ते मांडावेत तसे कागदाचे एक्कावन्न तुकडे मांडलेले आहेत. डावीकडे लोखंडी कपाट, त्याचं दार लागत नाही म्हणून हँडलला दोरी बांधलेली. उजवीकडे रंगीत प्रिंटर, तो अधूनमधून उगाच खाकरतो. मागच्या खिडकीतून हॉस्पिटलचं मागचं अंगण दिसतं आणि अंगणात ऑक्सिजनच्या सिलिंडरची रांग. टेबलाशी एक सत्तावन्न वर्षांच्या बाई उभ्या आहेत. चष्मा कपाळावर, दुसरा चष्मा नाकावर. त्या एकेक तुकडा उचलतात, त्याचं नुसतं शीर्षक मोठ्यानं वाचतात, मान हलवतात आणि तुकडा दुसरीकडे ठेवतात. श्रोते नाहीत. पण वाचतात अशा थाटात, की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं.

या जोडकाकू.

खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथेच राहिलं. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या ऑफिसात त्या टायपिस्ट म्हणून लागल्या. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, साहेब पाच झाले, काकू त्याच खुर्चीवर. चार माणसांनी लिहिलेलं एकत्र जोडून द्यायचं काम कधीतरी त्यांच्या गळ्यात पडलं आणि मग गळ्यातच राहिलं. कुठलीही मोठी बैठक असली की डॉक्टर आपली पीपीटी पाठवणार, सिस्टर आपली, इंजिनिअर आपली, स्टोअरवाले आपली. चौघांची चार तोंडं चार दिशांना. काकूंनी त्याची एक गोष्ट करायची.

त्यांची रीत ठरलेली होती. सगळ्या स्लाइड्स लहान करून छापायच्या, कातरीनं सुट्या करायच्या आणि टेबलावर मांडायच्या. मग फक्त शीर्षकं वाचायची, एका दमात. शीर्षकं ऐकून गोष्ट कळली तर ठीक, नाहीतर तुकडे पुन्हा हलवायचे. तीच गोष्ट दोनदा आली की एक तुकडा टोपलीत.

"एकदा सांगितलेलं लोक ऐकतात काकू," साहेब म्हणत, "दोनदा सांगितलं की घड्याळ बघतात."

यजमान शिंपी होते. आता डोळ्यांनी साथ सोडल्यामुळे घरी बसलेले. ते म्हणत, "अगं, मी कापड जोडलं, तू कागद जोडतेस. संसार एकाच धंद्यात चालला आपला."

काकू हसत. पण एक गोष्ट यजमानांनाच ठाऊक होती. ही बाई भित्री होती. साधीसुधी नव्हे, नेमानं भिणारी. पत्र टाकलं की पेटीत हात घालून बघणारी. गॅस बंद केला का, हे बघायला जिन्यावरून परत येणारी. बैठकीत त्या कायम मागच्या कोपऱ्यात, लॅपटॉपशी बसत. पुढे बोलणारा म्हणाला, "नेक्स्ट," की बटण दाबायचं. एवढ्या वर्षांत त्या सभागृहात त्यांच्या तोंडून शब्द निघालेला कोणी ऐकला नव्हता. रंगमंचाला लागून बसायचं, पण प्रकाशात यायचं नाही.

आजच्या बैठकीचं कारण मोठं होतं. ऑक्सिजनच्या मुख्य पाइपचा एक सांधा गळत होता. उद्या सकाळी सहा ते दहा तो दुरुस्त करायचा, म्हणजे पूर्वेकडच्या खोल्यांचा पुरवठा चार तास बंद. ज्या पेशंटना ऑक्सिजन लागतो, त्यांना तेवढा वेळ सिलिंडरवर ठेवायचं. दुपारी तीनला बाराही वॉर्डांच्या सिस्टर सभागृहात येणार, त्यांना सगळं समजावून सांगायचं.

चार जणांच्या पीपीटी आल्या होत्या. इंजिनिअरच्या एकोणीस स्लाइड्स, मोठ्या सिस्टरच्या चौदा, भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या अकरा आणि सिलिंडर स्टोअरवाल्यांच्या सात. सगळ्यांची सुरुवात एकच: उद्या पुरवठा बंद राहील. त्यातले तीन तुकडे टोपलीत गेले. इमारतीचं तेच चित्र चौघांनी घातलं होतं, त्यातली दोन टोपलीत. डॉक्टरांच्या स्लाइडवर काम साडेनऊला संपत होतं, इतरांच्या दहाला. काकूंनी फोन केला.

"डॉक्टरसाहेब, अर्धा तास कुठे गेला?"

"तो मी आशेवर लिहिलाय काकू. दहा करा."

दहा केलं. मग सगळ्या स्लाइड्स हॉस्पिटलच्या एकाच साच्यात ओतल्या. एकच अक्षर, एकच निळी पट्टी. इंजिनिअरचं एक शीर्षक भलतंच रुक्ष होतं, "झोननिहाय व्हॉल्व्ह आयसोलेशन", म्हणजे कुठल्या भागाचा व्हॉल्व्ह बंद. ते बदलून त्यांनी लिहिलं, "आता आपापला मजला पाहू या". एक्कावन्नच्या सतरा झाल्या. शीर्षकं एका दमात वाचली. गोष्ट कशी झुळझुळ वाहत होती!

साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "वा! चौघं बोलतायत असं वाटतच नाही."

बारा रंगीत प्रती निघाल्या. बारा वॉर्डांत गेल्या. सिस्टरांनी आधी वाचून यावं म्हणून.

इथवर सुखाचा अंक.

सव्वा वाजता काकूंनी डबा उघडला. पहिला घास हातात होता, तेवढ्यात फोन. तिसऱ्या मजल्याची सिस्टर होती. चुणचुणीत, बोलायला घाई असलेली.

"काकू, पान काय सुरेख केलंय हो! आमच्या सहाही खोल्या लाल दाखवल्यात, बारा नंबरच्या नकाशात."

"हो का?"

"आणि चौथ्या पानावर लिहिलंय, लाल म्हणजे ऑक्सिजन थांबवायचा नाही. म्हणजे आमचा चालूच राहणार ना?"

"हो, हो," काकू म्हणाल्या. कुणी आपल्या कामाचं कौतुक केलं की माणूस हो हो म्हणतं.

"सुटले बाई! मग ही सिलिंडरं खाली पाठवते. राखीव म्हणून आणून ठेवलीत, येताजाता नुसती ठेच लागते. ठेवते हं."

फोन ठेवला. घास तोंडात गेला. आणि तिथेच थांबला.

सहाही खोल्या लाल? तिसऱ्या मजल्याची पूर्व बाजू तर उद्या बंद होणार होती. पहिल्याच स्लाइडवर होतं ते, "पूर्वेकडील". पण कुठली खोली पूर्वेची आणि कुठली नाही, हे सिस्टरला कुठे पाठ असतं? ती नकाशाच बघणार.

काकूंनी घास कसाबसा गिळला आणि टोपली टेबलावर उपडी केली. तुकड्यांतून एक सापडला. इंजिनिअरची स्लाइड. वर लिहिलं होतं, "रंगांचा अर्थ". खाली तीन चौकोन: लाल, पिवळा, हिरवा. मोठ्या सिस्टरच्या फाइलमध्येही अगदी अशीच स्लाइड होती. तेच शीर्षक, तेच तीन चौकोन. काकूंनी सकाळी दोन्ही पाहिल्या, म्हणाल्या, ही तर पुनरुक्ती, आणि एक टोपलीत टाकली. चौकोनांपुढची बारीक अक्षरं वाचली नव्हती.

आता वाचली. मोठ्या सिस्टरचा लाल: "ऑक्सिजन थांबवायचा नाही." इंजिनिअरचा लाल: "व्हॉल्व्ह बंद."

म्हणजे ज्या खोलीचा पुरवठा उद्या तोडायचा, ती खोली काकूंच्या सुंदर पानावर सांगत होती, इथे काळजी नको.

खिडकीबाहेर अंगणात कोणीतरी सिलिंडर घरंगळवत होतं, त्याचा खणखणाट थेट छातीत वाजायला लागला. व्हॉल्व्ह बंद करण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरची सही घेतात, हे त्यांना माहीत होतं. पण पहाटे सहाला, रात्रपाळी संपताना, सही करणारी हे पान बघूनच सही करणार ना? आणि पान तर म्हणतंय, सगळं ठीक आहे. सहा खोल्या. एका वॉर्डातल्या. असे वॉर्ड बारा.

फोन लावला. तिसरा मजला उचलेना. पुन्हा लावला. वाजतोय, वाजतोय.

काकू निघाल्या. लिफ्ट वरच अडकलेली, म्हणून जिना. गुडघा म्हणाला, मी येत नाही. त्याला ओढत नेला. प्रत्येक पायरीवर एकच: आपण हो म्हणालो. आपण हो म्हणालो.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं धरून स्टोअरवाले उभे. ट्रॉलीवर चार सिलिंडर चढलेले.

"थांबा!" काकूंचा आवाज इतका चिरका निघाला, की आपलाच का, असं त्यांना वाटलं.

"अहो काकू, काय झालं? धावताय काय? सिलिंडर पळून जात नाहीत, मीच पळवतोय."

"उतरवा ते. सगळे. परत आत ठेवा."

"आत्ता तर सिस्टर म्हणाल्या, न्या. तासाभरापूर्वी म्हणाल्या होत्या, ठेवा. मी माणूस आहे की झोपाळा?"

सिस्टर बाहेर आली. "काकू, तुम्हीच तर हो म्हणालात."

"म्हणाले. चुकून म्हणाले. तुझ्या खोल्या बंद होणार आहेत, बाळा. तो लाल वेगळा होता."

"लाल कसा वेगळा असेल?"

भिंतीला टेकून काकू नुसत्या श्वास घेत राहिल्या. उघड्या दारातून पलंगावरचे एक आजोबा दिसले. नाकात नळी, हातात उलटा धरलेला पेपर. त्यांनी काकूंकडे बघून मान डोलावली, ओळख नसताना, नमस्कार केल्यासारखी. काकूंनी डोळे मिटून घेतले.

पावणेदोनला साहेबांच्या केबिनमध्ये इंजिनिअर आणि मोठ्या सिस्टर समोरासमोर. काकू दाराशी, पदराचं टोक मुठीत.

"काकूंनी नाही, तुम्हीच घोळ घातलाय," मोठ्या सिस्टर इंजिनिअरला म्हणाल्या. "लाल म्हणजे धोक्यातला पेशंट. शेंबड्या पोराला कळतं."

"माझ्या प्रत्येक बंद व्हॉल्व्हवर लाल पट्टी बांधतो मी. वीस वर्षं. आता काय गुलाबी बांधू?"

"बांधा. छान दिसेल तुम्हाला."

"अहो, भांडताय काय?" साहेब म्हणाले. "काकू, दोन्ही रंगांच्या स्लाइड्स ठेवा. एकदा हा अर्थ, एकदा तो. झालं."

काकूंना भीती वाटत होती, पण भीतीच्या मागून काहीतरी आठवत होतं. यजमानांचं दुकान. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मदतीला दुसरे कटिंगमास्तर ठेवलेले. यजमान खडूची रेघ मारत ती शिवणीची; तिच्या बाहेर बोटभर सोडून कापायचं. दुसरे मास्तर मारत ती कापायची रेघ. एके दिवशी यजमानांनी आखलेला कोट त्या मास्तरांनी कापला. रेघेवर. शिवायला कापडच उरलं नाही. रेघ तीच, खडू तोच, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्या दिवसापासून यजमान रेघेशेजारी अक्षरं लिहायला लागले. "कापा." "शिवा."

"साहेब," काकू म्हणाल्या. आवाज पुटपुटल्यासारखा. "दोन अर्थ ठेवले तर बारा नंबरवर पोचेपर्यंत पहिला विसरतात. मीच विसरले की. रंग नकोच."

"मग?"

"दोन नकाशे आहेत. एक विचारतो पेशंट कोण, एक सांगतो व्हॉल्व्ह कुठला. सिस्टरला दोन्ही नकोत. तिला एवढंच हवंय, माझ्या खोलीत उद्या मी काय करू." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "मी चौघांचे कपडे एकसारखे केले, पण बोलत ते चौघंच होते. एकच नकाशा करू. खोलीवर शब्द लिहू. 'बंद, सिलिंडर लावा.' 'बंद, गरज नाही.' 'चालू.' बस्."

इंजिनिअरनं मोठ्या सिस्टरकडे पाहिलं.

"माझा लाल गेला," इंजिनिअर म्हणाला.

"माझाही गेला. समदुःखी झालो आपण," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून काकूंच्या कॉम्प्युटरशी बसल्या. "चला. चारशे एक, सिलिंडर लावा. चारशे दोन, गरज नाही. तुमचा व्हॉल्व्ह बोला हो."

तो व्हॉल्व्ह बोलत गेला, त्या पेशंट बोलत गेल्या, काकू लिहीत गेल्या. प्रत्येक खोली दोघांच्या तोंडून वदवून घेतली. चारशे नऊवर दोघं अडले. मोठ्या सिस्टरच्या यादीत तिथे कालच दुसऱ्या खोलीतून एक पेशंट आलेला, इंजिनिअरच्या यादीत ती खोली अजून रिकामी. वॉर्डात फोन करून खरं काय ते विचारलं, मगच पुढे. वेगवेगळ्या दोन पानांवर हे कुणाला दिसलं असतं?

स्लाइड्स सतराच्या चौदा झाल्या. काकूंनी या वेळी शीर्षकं वाचली आणि शिवाय प्रत्येक अक्षर, बारीकातलं बारीक, बोट ठेवून वाचलं. इंजिनिअरला वाचायला लावलं. मोठ्या सिस्टरना लावलं.

जुन्या प्रती गोळा करायला शिपाईमामा गेले होते. पावणेतीनला परतले.

"अकरा," ते म्हणाले.

"बारा होत्या."

"अकराच मिळाल्या. बारावी पाचव्या मजल्यावर होती म्हणे, आता नाही. आणि काकू..." मामांनी खिशातून फोन काढला. "हे बघा."

सगळ्या सिस्टरांचा ग्रुप. त्यात दुपारी साडेबाराला कोणीतरी उत्साहानं फोटो टाकलेला. चौथं पान आणि बारावं पान, शेजारी शेजारी. खाली लिहिलं होतं, "उद्याचं सगळं या दोन पानांत आहे. रात्रपाळीनेही वाचणे." त्याखाली अंगठेच अंगठे. काकूंनी मोजले नाहीत. त्यांना ते सगळे अंगठे आपल्याच गळ्याभोवती दिसले.

कागद गोळा करता येतात. हे कसं गोळा करायचं?

त्यांनी साहेबांना दाखवलं. साहेबांनी कपाळ चोळलं. वाईट माणूस नव्हता, पण विश्वस्तांपैकी दोघं आज सभागृहात बसणार होते.

"काकू, नवीन तर दाखवतोच आहोत आपण. चांगलं झालंय. जुन्याचा विषय कशाला? उगाच लोक बिथरतील. नवीन बघितलं की जुनं विसरतील."

"विसरतील का?"

"विसरतात."

"आणि जी आज बैठकीला नाहीये, रात्रपाळीची?"

साहेब घड्याळाकडे बघत होते. "ग्रुपवर नवीन टाकू संध्याकाळी. चला, तीन वाजले."

काकू नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. लॅपटॉप उघडला. सभागृहात पांढऱ्या कपड्यांच्या रांगा, खुर्च्यांचा आवाज, पुढे ते दोघं विश्वस्त. दिवे मंद झाले. पडद्यावर पहिली स्लाइड आली.

निवृत्तीला चार महिने उरले होते. चार महिने गप्प बसलं तर हार, नारळ, चार चांगले शब्द. एवढी वर्षं एक चूक नाही, असं कोणीतरी म्हणणार होतं. यजमानांनी त्या दिवशी नेसायची साडीसुद्धा हातानं चाचपून ठरवून ठेवली होती. उठलं तर काय होईल ते ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीला ही बाई जन्मभर भ्यायलेली.

साहेब बोलायला लागले. छान बोलत होते. "नेक्स्ट." काकूंनी बटण दाबलं. "नेक्स्ट." दाबलं.

पाचव्या स्लाइडवर नवा नकाशा आला. खोल्याखोल्यांवर शब्द. सभागृहात कुजबुज झाली. तिसऱ्या रांगेत दोन सिस्टर एका फोनवर वाकल्या होत्या. फोनच्या उजेडात त्यांचे चेहरे काकूंना स्पष्ट दिसले. एक बोटानं फोन दाखवत होती, एक पडद्याकडे.

"हा जुना की नवा गं?" एकीचं बोलणं ऐकू आलं.

"हे थोडक्यात दिलंय. आपलं रंगीत जास्त सोपं आहे. तेच ठेव."

"नेक्स्ट," साहेब म्हणाले.

स्लाइड बदलली नाही.

"काकू, नेक्स्ट."

काकूंचा हात बटणावर होता आणि उठत नव्हता, दाबतही नव्हता. डोळ्यांसमोर तो उलटा पेपर धरलेला म्हातारा, आपल्याला ओळख नसताना मान डोलावणारा. मग त्यांना कळलं की आपण उभ्या आहोत. खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला, सगळी डोकी वळली. कोपऱ्यापासून पुढच्या टेबलापर्यंतची वीस पावलं त्या चालल्या. ज्या दिव्यात कधी आल्या नव्हत्या त्या दिव्यात आल्या आणि डोळे मिचकावत उभ्या राहिल्या. साहेबांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मोठ्या सिस्टरनी पहिल्या रांगेतून हात वर केला, बोलू द्या म्हणून.

माइक काकूंनी धरला नाही. त्यांना तो धरता येत नव्हता. हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतले. पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"तुमच्या फोनमध्ये जो लाल नकाशा आहे, तो मी केलाय आणि तो चुकलाय. त्यातला लाल म्हणजे चालू नाही, लाल म्हणजे बंद. आत्ता, माझ्यासमोर, सगळ्यांनी तो पुसून टाका, रात्रपाळीलाही कळवा. मी इथेच उभी आहे, एकेकीनं हात वर करून सांगा, मगच मी पुढची स्लाइड लावीन."